घर झालं, आता भरायचं: एका पाडवा जाहिरातीच्या नोंदी

२४ फेब्रुवारी २०२५, सोमवार

जळगावात हायवेला लागून फर्निचरचं शोरूम आहे, नाव लिहित नाही, त्यांचं पाडव्याचं काम आज घेतलं. पाडवा ३० मार्चला म्हणजे हातात ३४ दिवस. काम असं: एक मोठं फ्लेक्स, पेपरात टाकायचं पत्रक, व्हॉट्सॲपवर जाणारा मजकूर आणि रिक्षावर वाजवायची वीस सेकंदांची घोषणा. शेठची अट एकच, "ताई, नवीन वर्ष आणि नवीन घर, याच्याबाहेर जायचं नाही." मानधन १८ हजार, छपाई त्यांची. चूक माझी निघाली तर पुन्हा छपाईचा खर्च माझा, हे मीच बोलून बसले आणि पुढे ते महागात पडलं, येईलच ते.

या नोंदी ठेवतेय कारण मला कोणी सांगितलं नव्हतं की असं काम कुठे कुठे अडतं. तालुक्याच्या गावात दुकानांसाठी लिहिणाऱ्या कुणाला उपयोग झाला तर झाला.

२७ फेब्रुवारी

पहिला मजकूर दिला. "नव्या वर्षाची नवी सुरुवात, नव्या घरासोबत!" खाली "स्वप्नातलं घर सजवा" वगैरे. दोन तास लागले होते आणि मला ते बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. शेठनं वाचलं, काही न बोलता मोबाईल काढला आणि मागच्या वर्षीचे फोटो दाखवले. याच रोडवरची चार फ्लेक्स, एक टाईल्सवाला, एक रंगवाला, एक प्लॉटवाला आणि एक सोनार. चौघांच्याही फ्लेक्सवर नवी सुरुवात. सोनाराकडे पण नवी सुरुवात! शेठ म्हणे, "यातलं माझं कोणतं ते सांगा." सांगता आलं नाही.

त्यातून एक परीक्षा सापडली ती मी आता प्रत्येक ओळीला लावते. दुकानाचं नाव झाकायचं आणि शेजारच्या दुकानाचं नाव लावून बघायचं, ओळ तिथे पण चालली तर ती ओळ कामाची नाही.

१ आणि २ मार्च, शनिवार-रविवार

लिहिणं बंद ठेवून दोन दिवस शोरूममध्ये बसले. कोपऱ्यात एक डायनिंगची खुर्ची घेतली आणि फक्त ऐकत राहिले. सेल्सवाला दादा आधी वैतागला, "ताई, गिऱ्हाईक समजतं तुम्हाला आणि भाव विचारतं."

जे ऐकलं त्यातलं मुद्द्याचं लिहिते. एकही माणूस "स्वप्न" म्हणाला नाही. एकही माणूस "सजवणं" म्हणाला नाही. एरंडोलकडचं एक जोडपं आलं होतं, जुन्या वाड्यातून निघून प्लॉटवर दोन खोल्या बांधल्यात, महिनाभरापासून तिथे राहतायत. बाई म्हणाली, "घरात बोललं की आवाज घुमतो हो. पाहुणा आला की सतरंजी टाकतो नी आम्ही भिंतीला टेकून बसतो." हे मी वहीत जसंच्या तसं उतरवून घेतलं. दुसरा एक मुलगा, एमआयडीसीत नोकरीला, लग्न मे महिन्यात, भाड्याचा फ्लॅट घेतलाय, त्याला फक्त पलंग आणि कपाट हवं होतं आणि तो सोफ्याकडे बघत पण नव्हता कारण बजेट ४० हजार.

आणि जवळपास प्रत्येकजण एकच प्रश्न विचारत होता, भावाच्याही आधी: "बसेल का हो आमच्या खोलीत?" दादा प्रत्येकाला म्हणत होता "बसेल ना, आरामात." मी त्याला जेवणाच्या सुट्टीत विचारलं, खरंच बसतं का. तो हसला. अमळनेरच्या एका गिऱ्हाइकाचा एल आकाराचा सोफा मागच्या दिवाळीत परत आला होता, दार अडीच फुटी आणि सोफ्याचा लांब भाग आडवा-उभा कसाही घातला तरी जाईना. टेम्पोचं जाऊन-येऊन भाडं, हमाली आणि वर गिऱ्हाइकाची नाराजी.

४ मार्च

घुमणारा आवाज डोक्यातून जात नव्हता. त्यावरून शब्द आठवला, घरभरणी. वास्तुशांतीला आपल्याकडे जुनी माणसं घरभरणीच म्हणतात, आणि फर्निचरवाला तरी दुसरं काय करतो, घर भरतो. यात नवीन घरही आलं आणि धंदाही आला, आणि सोनाराला ही ओळ चोरता येणार नाही.

पहिली ओळ केली: "घर बांधलं. आता भरा."

शेठला आवडली. मी घरी येऊन नवऱ्याला वाचून दाखवली तर तो म्हणे "कोणाचं घर भरायचं, शेठचं?" आणि हसत सुटला. घर भरणे याचा तो दुसरा अर्थ, सरपंचानं स्वतःचं घर भरलं वाला, माझ्या ध्यानातच आला नव्हता. "भरा" असं हुकमी म्हटलं की दुकानदार गिऱ्हाइकाला सांगतोय असं होतं आणि मग तो दुसरा अर्थ डोकावतो. "भरायचं" केलं तर घरातला माणूस घरातल्या माणसाशी बोलतोय असं वाटतं.

दुसरी अडचण "बांधलं" ची. तो एमआयडीसीवाला मुलगा आठवला, त्यानं कुठे काही बांधलंय. भाड्याचं असलं तरी त्याचं ते पहिलंच घर आहे आणि शोरूमला येणाऱ्यांत असे बरेच. "घेतलं" म्हटलं तर भाड्याचा सुटतो आणि प्लॉटवर बांधणारा पण सुटतो. शेवटी "घर झालं" वर आले. लग्न झालं, नोकरी झाली, घर झालं, आपण बोलतोच तसं, आणि त्यात बांधलेलं, घेतलेलं, भाड्याचं सगळं मावतं.

घर झालं. आता भरायचं.

चार शब्द, पण तीन दिवस गेले. फ्लेक्सला चार शब्दच पाहिजे होते, हायवेवरून मोटारसायकलवर जाणाऱ्याला त्याहून जास्त वाचताच येत नाही.

६ मार्च

आता तारखेचा प्रश्न. शेठचं म्हणणं, "पाडव्याला घरपोच" असं ठोकून द्या, साडेतीन मुहूर्तातला एक आहे, लोकांना त्याच दिवशी वस्तू घरात हवी असते. खरं आहे. पण मी गोडाऊनला जाऊन बसले आणि हिशोब केला.

दोन छोटे हत्ती आहेत. फिटिंग करणारी चार पोरं, म्हणजे दोन जोड्या. पलंग आणि कपाट असं एक घर करायचं तर माल चढवणं, पोचवणं, जिने चढवणं, जोडणं मिळून शहरात तीन तास धरा. चोपडा-पारोळा बाजूला गेलं की अर्धा दिवस. दोन्ही जोड्या मिळून दिवसाला पाच घरं, फार ताणलं तर सहा. आणि "पाडव्याला घरपोच" वाचून पन्नास लोक आले तर? शिवाय ऑर्डरचं कपाट वर्कशॉपमधून यायलाच बारा ते पंधरा दिवस लागतात.

म्हणून मी उलटं सुचवलं, पाडव्याला फक्त ठरवायचं, आणि माल आखाजीला. अक्षय तृतीया ३० एप्रिलला, पाडव्यापासून बरोबर ३१ दिवस. तो पण मुहूर्तच. आणि खान्देशात खरं नवीन वर्ष आखाजीलाच फिरतं, सालदाराचं साल आखाजी ते आखाजी असतं, शेतीचे देणे-घेणे तेव्हाच मिटतात. "पाडव्याला ठरवा, आखाजीला घरात." मला स्वतःचाच इतका अभिमान वाटला की मी फरसाण घेऊन घरी आले.

८ मार्च

अभिमान दोन दिवस टिकला.

शेजारच्या काकूंना ओळ ऐकवली. त्यांचं माहेर शिरपूरकडचं, सासर इथलं. काकू म्हणे, "आखाजीला माल उतरवून कोण घेईल ग? घरची सून तर माहेरी."

मी गप्पच झाले. आखाजीला पोरी माहेरी येतात, गौराई, झोके, गाणी, मीच लहानपणी मामाच्या गावाला हे सगळं बघितलंय. पलंग कुठे ठेवायचा, कपाटाचं तोंड कुठे करायचं हे जिनं ठरवायचं तीच त्या दिवशी घरात नाही! आणि काकूंनी दुसरी गोष्ट सांगितली ती त्याहून मोठी. आखाजीला पितरांची घागर भरतात. ज्या घरात वर्षभरात माणूस गेलंय त्या घरी तो दिवस त्या माणसाचा असतो. सकाळी घागर, आगारी, मांड्यांचा सैपाक, त्यात दारात टेम्पो येऊन उभा राहिला आणि दोन पोरं पलंगाचे बोल्ट ठोकायला लागली तर कसं दिसेल.

मुहूर्ताच्या यादीत आखाजी आहे हे कॅलेंडर सांगतं. त्या दिवशी घरात काय चाललेलं असतं ते कॅलेंडर सांगत नाही.

दुरुस्ती एका शब्दाची: "पाडव्याला ठरवा, आखाजीच्या आत घरात." सून माहेरी जायच्या आत सगळं लावून झालेलं. काकूंनी मान डोलावली आणि म्हणे, "मग ती माहेरी जाऊन सांगेल ना, आमच्याकडे नवा पलंग आला." ही खरी जाहिरात, पण फ्लेक्सवर मावली नसती.

गोडाऊनचा हिशोब पुन्हा केला. ७ ते २६ एप्रिल असे वीस दिवस, फिटिंगवाल्यांची मंगळवारची सुट्टी तीनदा, राहिले सतरा. सतरा पंचे पंच्याऐंशी घरं. टेम्पो बंद पडणं, कोणाचं लग्न, कोणाच्या घरी कुलूप हे धरून शेठला म्हटलं सत्तरच्या वर शब्द देऊ नका. शेठनं सत्तर हा आकडा काचेच्या दारामागे खडूने लिहिला, तिथे रोज एक एक कमी करत जायचं ठरलं.

११ मार्च

"बसेल का हो आमच्या खोलीत" या प्रश्नावर पत्रक करायचं. पत्रकाच्या एका बाजूला चौकटींची जाळी, १२ बाय १२, एक चौकट म्हणजे एक फूट, छापताना एक सेंटीमीटर. खाली पलंग आणि कपाट त्याच मापात, कात्रीने कापून जाळीवर सरकवून बघायचे.

दादाला घेऊन एका खोलीचं करून बघितलं. दहा बाय दहाची बेडरूम, आपल्याकडे रो-हाऊसमध्ये हीच असते. पाच फुटी पलंग, गादी सव्वासहा फूट, डोक्याची फळी धरून लांबी साडेसहा. पायथ्याच्या भिंतीला दोन फूट खोल कपाट. दहातून साडेसहा गेले, दोन गेले, राहिला दीड फूट. तीन दारी साडेचार फुटी कपाटाचं एक शटर दीड फुटाचं असतं. म्हणजे शटर उघडलं की पलंगाला टेकतं आणि माणसाला उभं राहायला जागाच नाही. दादा बराच वेळ कागदाकडे बघत राहिला नी म्हणे, "भो, असे मी किती विकले असतील."

कपाट पायथ्याकडून उचलून बाजूच्या भिंतीला लावलं, पलंग समोरच्या भिंतीला सरकवला, पाच आणि दोन सात, मध्ये तीन फूट मोकळे. शटर उघडतं, माणूस उभा राहतो. तोटा असा की भिंतीकडे झोपणाऱ्याला रात्री उठायचं तर दुसऱ्याला ओलांडून यावं लागतं, तेही आम्ही पत्रकावर लिहिलं. शेठ नको म्हणत होते. मी म्हटलं जे घरी जाऊन कळणारच आहे ते आधी आपणच सांगू. दोन ओळींत ही एकच खोली सोडवून दाखवली आणि वर मथळा दिला, "आधी खोली मांडा, मग पलंग बघा." खाली मापं घ्यायची जागा: खोली किती बाय किती, दार किती रुंद, जिना वळतो का.

१५ मार्च

काल धुळवड, प्रेस बंद. आज पहिली हजार पत्रकं आली. कागद चांगला, रंग चांगला. संध्याकाळी घरी नेली, माझ्या नऊ वर्षांच्या पोरीने लगेच कात्री घेतली, पलंग कापला, कपाट कापलं आणि पत्रक उलटं करून म्हणे, "आई, दुकानाचा पत्ता कापला गेला."

पलंगाच्या बरोबर मागे शोरूमचा पत्ता. कपाटाच्या मागे फोन नंबर. स्क्रीनवर दोन्ही बाजू वेगवेगळ्या दिसतात, कागद एकच असतो हे माझ्या डोक्यात आलंच नाही, डिझायनर पोराच्याही नाही, शेठच्याही नाही. जो माणूस खरंच पत्रक वापरेल, म्हणजे आपलं सगळ्यात पक्कं गिऱ्हाईक, त्याच्याकडेच नंबर राहणार नाही.

हजार पत्रकं गेली. ३१०० रुपये माझ्या खिशातून, बोलल्याप्रमाणे. पत्ता-नंबर जाळीच्या मागच्या वरच्या भागात नेला, कापायच्या भागामागे फक्त गुढीचं चित्र ठेवलं, ते कापलं गेलं तरी काही बिघडत नाही. असं काही कराल तर एक नमुना साध्या प्रिंटरवर दोन्ही बाजूंनी काढा आणि खरंच कात्री लावा.

१८ मार्च

फ्लेक्सवाल्याकडून फोटो आला. "डिलिव्हरी" चं "डलिव्हिरी" झालेलं. तो जुन्या फॉन्टवर काम करतो, आपण मोबाईलवरून पाठवलेला मजकूर तो त्याच्या फॉन्टमध्ये बदलून घेतो आणि त्यात पहिली वेलांटी एक घर उडी मारते. येणाऱ्या, दुसऱ्या असले शब्द असतील तर अर्धा र सुद्धा गायब होतो. शिवाय त्यानं ल आणि श हिंदी वळणाचे लावले होते, म्हणजे "झालं" परक्या गावचं दिसत होतं.

सुदैवाने छापलं नव्हतं, फक्त नमुना होता. डिझायनर पोराने आमच्याकडच्या फॉन्टमध्ये मजकूर लावून अक्षरांचे कर्व्ह करून फाईल दिली, मग समोरचा काही बदलू शकत नाही. अर्धा दिवस गेला. आणि "डिलिव्हरी" शब्दच काढून टाकला, "घरात" लिहिलं होतंच की वर.

२१ मार्च

आज गुढीचं चित्र अडकलं. डिझायनरने विकतचं चित्र घेतलं होतं, त्यात काठीवर तांब्या सुलटा आणि त्यात आंब्याची पानं नि नारळ. पूजेचा कलश तो! गुढीवर तांब्या पालथा असतो. पोरगा म्हणे, "कोण एवढं बघतं ताई." मी म्हटलं एक सासू बघेल नी सगळ्या गल्लीला सांगेल.

शेठच्या आईंनी त्यांच्या मोबाईलमधला मागच्या पाडव्याचा फोटो दिला. जुन्या घराच्या खिडकीच्या गजाला बांधलेली काठी, हिरवी साडी, कडुनिंबाचा डगळा, हारकंगण थोडं चिकटून एका बाजूला गेलेलं, वर पालथा तांब्या. मागे भिंतीचा रंग उडालेला. डिझायनर तो रंग दुरुस्त करायला निघाला होता, मी करू दिला नाही. उडालेल्या रंगाचं जुनं घर मागे आहे म्हणून तर पुढचं "घर झालं" खरं वाटतं.

२३ मार्च, रविवार

पत्रकं पेपरातून गेली, पाच हजार. जळगावचे नवे प्लॉट असलेले भाग निवडले, जिथे घराबाहेर अजून वाळूचे ढीग दिसतात तिथे जास्त. सुवर्णनगरीच्या जुन्या पेठेत टाकली नाहीत, तिथे नवीन घर कमी.

आज दुपारपर्यंत पाच फोन. त्यातले तीन भावाचे. एक बाई मात्र थेट म्हणाली, "आमची खोली दहा बाय अकरा आहे, तुमचं कपाट पायथ्याला बसत नाही, मी लावून बघितलं." दादा खूश.

२५ मार्च

व्हॉट्सॲप फसलं. शेठकडे जुन्या गिऱ्हाइकांचे बरेच नंबर आहेत, ब्रॉडकास्ट यादी केली, एका यादीत २५६ च्या वर घेता येत नाहीत म्हणून चार याद्या. पाठवलं. दिवसभरात सात उत्तरं, त्यातली दोन नातेवाइकांची. मग लक्षात आलं की ब्रॉडकास्ट फक्त ज्यांच्या मोबाईलमध्ये शोरूमचा नंबर सेव्ह आहे त्यांनाच पोचतं. फर्निचर घेऊन चार वर्षं झालेला माणूस दुकानाचा नंबर कशाला सेव्ह करून ठेवेल.

उपाय म्हणून तिन्ही सेल्सवाल्यांना स्वतःच्या फोनवरून, मागच्या दोन महिन्यांत बघून गेलेल्या पण न घेतलेल्या गिऱ्हाइकांना एकेकाला पाठवायला लावलं. मजकूर पण बदलला. शुभेच्छा काढल्या, फक्त हे ठेवलं:

"नमस्कार, तुम्ही पलंग बघून गेला होता. खोली किती बाय किती आहे आणि दार किती रुंद आहे तेवढं कळवा, बसतो का ते कागदावर मांडून पाठवतो."

त्यांच्यापुढे चौसष्ट नावं होती. एकवीस जणांनी मापं पाठवली. काहींनी दाराचा फोटो हाताची वीत लावून पाठवला. दादा रात्री दहापर्यंत जाळीवर पलंग सरकवत बसला होता आणि मला फोन करून म्हणे, "ताई, तुम्ही लिहून गेल्या नी काम आमच्या गळ्यात."

२७ मार्च

शेठशी भांडण, छोटंसं. त्यांना पत्रकाच्या दुसऱ्या छपाईत "० टक्के व्याज" मोठं हवं होतं. मी फायनान्सवाल्या पोराकडून एक उदाहरण काढून घेतलं. ६० हजारांचा माल, सहा हप्ते दहा-दहा हजारांचे, व्याज नाही, पण फाईलचे ९९९ आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११७९. आणि रोखीने घेणाऱ्याला शेठ पाच टक्के सोडतात, ते तीन हजार हप्तेवाल्याला मिळत नाहीत. म्हणजे एकाच पलंग-कपाटासाठी हप्तेवाला ४१७९ रुपये जास्त देतो. त्याला शून्य कसं म्हणायचं?

शेठ म्हणे सगळेच म्हणतात. शेवटी तडजोड झाली, पत्रकावर "सहा हप्त्यांत" एवढंच, आणि दुकानात प्रत्येक वस्तूच्या पाटीवर रोखीचा भाव आणि हप्त्यांचा एकूण भाव शेजारी शेजारी. मला पत्रकावरच हवं होतं. नाही झालं.

३० मार्च, पाडवा

सकाळी नऊला शोरूमसमोर गुढी, तांब्या पालथा, मी स्वतः बघितला. दुपारी ऊन असं की हायवेवर कोणी थांबेना, पण सकाळी अकरापर्यंत आणि संध्याकाळी पाचनंतर उभं राहायला जागा नव्हती. बुकिंग एकूण अडतीस. मागच्या पाडव्याला एकोणीस होतं.

दुप्पट म्हणून शेठ पेढे वाटत होते, मी त्यांना म्हटलं थांबा. मागचा पाडवा ९ एप्रिल २०२४, मंगळवार. यंदा रविवार. नोकरीवाला माणूस रविवारी बायकोला घेऊन येऊ शकतो, मंगळवारी नाही. किती वाढ जाहिरातीची आणि किती रविवारची हे मला वेगळं काढता येत नाही. एकच गोष्ट मोजता आली, अडतीसपैकी चौदा जण मापं घेऊन आले होते, सहा जणांच्या हातात कापलेला पलंग होता. एका आजोबांनी तो शर्टाच्या खिशातून काढला, घडी पडलेला, आणि काचेच्या टेबलावर ठेवून म्हणाले, "हा द्या."

आणखी एक चूक आज उघडी पडली. उद्या ईद. सोफ्याचं गादीकाम करणारे दोघं कारागीर आजपासून तीन दिवस सुट्टीवर आणि आम्ही "सोफ्याचं कापड तुमच्या पसंतीचं, आठ दिवसांत" असं रिक्षावर आठवडाभर ओरडतोय. पाडवा कधी ते मी फेब्रुवारीत बघितलं होतं, ईद कधी ते बघितलं नव्हतं. घोषणेतले आठचे पंधरा दिवस केले, आज घेतलेल्या सोफ्याच्या नऊ गिऱ्हाइकांना दादाने समोरच सांगितलं. एकजण गेला.

२ मे

आखाजी झाली. दारामागचा खडूचा आकडा १० एप्रिलला शून्यावर आला, तेव्हा शेठनं "आखाजीच्या आत" ची पट्टी फ्लेक्सवरून उतरवली. मला वाटलं होतं उतरवणार नाहीत. सत्तरपैकी सदुसष्ट घरं २६ एप्रिलपर्यंत लागली. दोन ठिकाणी कुलूप होतं, ती २८ ला झाली. एक पारोळ्याचं राहिलं, कपाटाचा आरसा वाटेत तडकला, नवा आरसा यायला उशीर. त्या बाई आखाजीला माहेरी जायच्या आदल्या दिवशी फोन करून दादाला खूप बोलल्या, आणि बरोबर बोलल्या. आरसा आज बसवला, शेठनं कपाटाचे हजार रुपये परत केले.

मापाच्या कारणाने परत आलेला माल या खेपेला एक. पत्रकावर खोली नीट मांडली होती, दारही मोजलं होतं. जिन्याच्या वळणावर पलंगाची डोक्याची फळी अडकली. "जिना वळतो का" असं आम्ही विचारलं होतं, त्यांनी "हो" लिहिलं होतं, आणि पुढे वळणाची रुंदी किती हे विचारायला पत्रकावर जागाच ठेवली नव्हती. दसऱ्याच्या पत्रकात तो रकाना टाकायचा आहे, आणि कपाटाच्या मागे काय छापलंय ते पोरीकडून कापून बघायचं आहे.